निऑनचा पट्टा फिका का पडतो? छोट्या माशांच्या टाकीसाठी खडी, वनस्पती आणि सजावटीचे रंग

भाच्याने नवी टाकी लावली आणि तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "आत्या, निऑन आजारी आहेत वाटतं. आणले तेव्हा कसे झगझगीत होते, आता सगळे पुसल्यासारखे दिसतायत." मी जाऊन पाहिलं. साठ सेंटीमीटर लांब, तीस रुंद, छत्तीस उंच अशी टाकी. बारा निऑन टेट्रा. पाणी स्वच्छ, फिल्टर चालू, मासे खायला धावून येत होते, पंख ताठ होते. तळाला मात्र पांढरीशुभ्र खडी, मध्ये निळा रंगवलेला किल्ला, शेजारी गुलाबी प्लास्टिकचं झुडूप, आणि मागच्या काचेतून खोलीची पांढरी भिंत दिसत होती. वर भरपूर उजेडाचा दिवा. आजार नव्हताच. मासे त्या टाकीला साजेसे फिके झाले होते.

दोन-तीन सेंटीमीटरचे मासे आणणाऱ्या बहुतेक नवख्यांचं असंच होतं. त्यामुळे टाकीचे रंग कोणत्या क्रमाने ठरवायचे, ते या टाकीच्या निमित्ताने लिहिते. निऑन हा मुख्य नमुना धरला आहे, कारण त्याच्या अंगावर निळा आणि लाल हे दोन्ही रंग आहेत आणि दोघांच्या गरजा थोड्या वेगळ्या आहेत.

मासा फिका कसा होतो

हे एकदा कळलं की पुढच्या निवडी आपोआप सोप्या होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

माशाच्या त्वचेत रंगाच्या पेशी असतात. काळ्या पेशींमध्ये काळ्या रंगाचे अतिशय बारीक कण असतात. हे कण पेशीभर पसरले की अंग गडद दिसतं, पेशीच्या मधोमध गोळा झाले की अंग फिकट दिसतं. कण पसरायचे की गोळा व्हायचे हे बरंचसं माशाच्या डोळ्यावर ठरतं. वरून येणारा उजेड आणि तळावरून उलटून येणारा उजेड यांची डोळा जणू तुलना करत असतो. तळ पांढरा असेल तर खालूनही भरपूर उजेड येतो, मग मेंदूकडून एक संप्रेरक सुटतं आणि काळे कण गोळा होतात. उथळ, पांढऱ्या वाळूच्या पाण्यात गडद मासा वरून पक्ष्याला चटकन दिसेल, म्हणून ही सोय. आपल्या टाकीत पक्षी नाही, पण माशाच्या शरीराला ते ठाऊक नाही.

हा बदल काही मिनिटांत सुरू होतो. पण मासा आठवडेच्या आठवडे पांढऱ्या तळावर राहिला तर गोष्ट पुढे जाते. काळ्या पेशींची संख्या आणि त्यातला रंगच कमी होत जातो. भाच्याचे मासे त्या वाटेवर होते. उलट दिशेलाही हेच लागू आहे. तळ गडद केल्यावर थोडा फरक त्याच दिवशी दिसतो, पण पूर्ण रंग भरायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

आता तुम्ही म्हणाल, काळ्या कणांचा निळ्या पट्ट्याशी काय संबंध? निऑनचा निळा हा रंगद्रव्याचा रंग नाही. त्वचेत पातळ, पारदर्शक स्फटिकांच्या थप्प्या असतात आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या उजेडातून तो निळा तयार होतो. म्हणून तर रात्री दिवा बंद असताना हाच पट्टा जांभळट, मंद होतो आणि सकाळी पुन्हा निळा-हिरवा होतो. अशी चकाकी गडद पार्श्वभूमीवर खुलते आणि फिकट पार्श्वभूमीवर विरून जाते. काळ्या कापडावर ठेवलेली मोरपिसाची काडी आणि पांढऱ्या कागदावर ठेवलेली काडी यांत जो फरक दिसतो, तोच.

यात आपल्या डोळ्याचाही वाटा आहे. टाकीत मोठा पांढरा भाग असला की डोळा त्या लख्ख पांढऱ्याशी जुळवून घेतो आणि त्याच्यासमोरची लहान रंगीत वस्तू मळकट वाटते. म्हणजे पांढऱ्या तळाने दुहेरी नुकसान होतं: मासा खरोखर फिका होतो, आणि उरलेला रंगही आपल्याला कमी दिसतो.

आधी आजार नाही ना, ते पाहा

दिवा लावल्यावर निदान अर्धा तास थांबून मग मासे पाहा. रात्रीचा फिकेपणा पुरता गेलेला नसतो आणि नवखा माणूस त्यालाच घाबरतो.

सगळे मासे सारखेच फिके असतील, खात असतील, कळपात असतील, तर संशय तळावर आणि उजेडावर घ्या. एखादाच मासा फिका असेल, त्याचा पट्टा एकाच जागी तुटला असेल, पाठीच्या मांसात पांढुरका डाग दिसत असेल, तो कळप सोडून फिरत असेल, तर तो निऑनचा एक ओळखीचा आजार असू शकतो. त्यावर भरवशाचा उपाय नाही, म्हणून त्या माशाला लगेच वेगळं करा. सगळेच फिके असून श्वास जोरात चालला असेल किंवा पंख मिटलेले असतील, तर पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य यायला हवेत. ही शहानिशा झाल्याशिवाय खडीला हात लावू नका, कारण खडी बदलल्याने आजारी माशावर आणखी ताण येतो.

पहिली पायरी: मागच्या काचेला कागद

सर्वांत सोपा आणि उलटवता येणारा बदल आधी करा. मागच्या काचेला बाहेरून काळा, चकाकी नसलेला जाड कागद चिकटवा. आतून काहीही लावायचं नाही. कागद आणि काच यांच्यामध्ये हवा राहिली तर पाण्यातून पाहताना ती आरशासारखी चमकते, म्हणून कागद चारही कडांनी घट्ट बसवा.

भाच्याच्या टाकीला आम्ही डाव्या अर्ध्या भागालाच कागद लावला आणि उजवी बाजू तशीच ठेवली. दहा मिनिटांत तोच म्हणाला, "इकडे आले की निळे होतात आणि तिकडे गेले की जातात." मासे तेच, पाणी तेच, फक्त मागची भिंत वेगळी. हा फरक बराचसा आपल्या डोळ्यापुरता होता, पण पुढे खडी बदलण्याचे कष्ट करायला त्याला एवढं पुरलं.

काळा की निळा, असा प्रश्न येतो. निऑनसाठी मी काळा किंवा अगदी गडद तपकिरीच सांगेन. मागे गडद निळा असला तर पट्ट्याचा निळा त्याच कुळातल्या रंगावर पडतो आणि त्याची धार जाते. एंबर टेट्रा किंवा चेरी बार्बसारख्या तांबड्या माशांच्या मागे निळा चालतो, तरी काळ्याइतका नाही. समुद्राची किंवा प्रवाळांची छापील चित्रं मात्र टाळा. त्या चित्रातला प्रत्येक ठिपका तुमच्या माशाएवढा असतो.

दुसरी पायरी: तळाचा रंग आणि दाणा

"काळी खडी घ्या" असं सरसकट सांगितलं जातं. ते चूक नाही, पण मी स्वतः अगदी कोळशासारख्या काळ्यापेक्षा गडद तपकिरी आणि करड्या दाण्यांचं मिश्रण पसंत करते. कारण असं की ठार काळ्या तळावर मासा आपलं सगळं अंग गडद करतो. निऑनला ते सोसतं, पण झेब्रा डॅनिओचे सोनेरी पट्टे त्यात थोडे झाकोळतात. शिवाय काळ्यावर विष्ठा आणि खाण्याचे कण लगेच दिसतात. ओल्या मातीसारखा तपकिरी-करडा तळ पुरेसा गडद असतो आणि नजरेलाही शांत वाटतो. निऑन मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, जिथे ओढ्यांच्या तळाशी कुजणारी पानं आणि काटक्या पडलेल्या असतात. ते दृश्य याच रंगाच्या जवळ जातं.

मिश्र रंगाची खडी, म्हणजे लाल-निळी-पिवळी-पांढरी एकत्र, नवख्यांना फार आवडते आणि छोट्या माशांना तीच सर्वांत मारक ठरते. ती का, हे गप्पींनी दाखवून दिलं आहे. जॉन एंडलर या संशोधकाने गप्पींवर केलेले प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाले. त्याने काही कुंडांच्या तळाला बारीक रंगीत खडी घातली, काहींत जाड, आणि त्यात गप्पींच्या पिढ्या वाढू दिल्या. ज्या कुंडांत गप्पी खाणारा धोकादायक मासा सोडला होता तिथे काही पिढ्यांनंतर नरांच्या अंगावरचे ठिपके खडीच्या दाण्याच्या आकाराशी जुळत गेले. जिथे तो नव्हता तिथे उलटं झालं. ठिपके खडीपेक्षा वेगळ्या आकाराचे होत गेले, कारण तिथे लपण्यापेक्षा मादीच्या नजरेत भरणं कामाचं होतं. आपल्यासाठी यातून साधा हिशोब निघतो. माशाच्या अंगावरच्या ठिपक्यांएवढ्या दाण्यांची रंगीबेरंगी खडी म्हणजे माशाला लपवायची युक्ती. ठिपकेदार मासे पाळायचे असतील तर तळ एकरंगी हवा आणि दाणा ठिपक्यापेक्षा स्पष्ट लहान किंवा स्पष्ट मोठा हवा.

निऑनसारख्या माशांना एक ते तीन मिलिमीटरचा दाणा छान. तळाशी तोंड खुपसून खाणारे कोरीडोरास बरोबर ठेवणार असाल तर बारीक, गुळगुळीत वाळूच घ्या. धारदार दाण्याने त्यांच्या मिशा झिजतात, आणि तिथे रंगाचा विचार दुय्यम ठरतो.

निवड कोरड्या खडीवरून कधीही करू नका. कोरडी असताना जी खडी राखाडी दिसते ती पाण्यात जवळजवळ काळी होते, आणि कोरडी बदामी दिसणारी पाण्यात तपकिरी. दोन-तीन नमुने मूठमूठ आणा, वाट्यांमध्ये पाण्याखाली ठेवा आणि टाकीच्याच दिव्याखाली शेजारी शेजारी पाहा. मग फोनने तिन्हींचा एकत्र फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंग निघून गेला की कोणता तळ खरोखर गडद आहे ते लगेच कळतं. लालसर खडी डोळ्याला गडद वाटते, पण या फोटोत ती बरेचदा मधल्या राखाडीवर येते.

खडी पाण्यासाठी सुरक्षित आहे का, हेही याच वेळी पाहायचं. रंगवलेली खडी असेल तर मूठभर खडी पांढऱ्या वाडग्यात गरम पाण्यात दिवसभर ठेवा आणि मग पांढऱ्या कापडावर चोळा. पाणी रंगलं किंवा कापडाला रंग लागला तर ती घेऊ नका. नैसर्गिक खडीवर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे उठले तर तिच्यात चुना आहे. तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो, आणि निऑनला मऊ पाणी मानवतं.

किती लागेल? लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटीमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. भाच्याच्या टाकीला साठ गुणिले तीस गुणिले चार, म्हणजे ७२०० घन सेंटीमीटर, म्हणजे सव्वासात लिटरच्या आसपास. एक लिटर खडी साधारण दीड किलो भरते, म्हणून आम्ही ११ किलो आणली. पुढे तीन आणि मागे पाच सेंटीमीटर असा उतार दिला की टाकीला खोली येते आणि मागे वनस्पतींच्या मुळांना जागा मिळते.

मासे असलेल्या टाकीत तळ बदलताना

टाकी अजून रिकामी असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

टाकीत मासे असतील तर सगळी खडी एका दिवशी काढू नका. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर राहतात. सगळी खडी गेली की त्यांचा मोठा वाटा जातो. शिवाय खडीखाली साचलेली घाण एकदम उठून पाण्यात मिसळते. आम्ही तीन भाग केले आणि दोन भागांमध्ये एकेक आठवड्याचं अंतर ठेवलं.

आधी नवी खडी धुवायची. बादलीत दोन-दोन किलो घ्या, पाणी सोडा, हाताने ढवळा, ओता. पाणी नितळ येईपर्यंत हेच करत राहायचं. एका खेपेला आठ-दहा वेळा तरी धुवावं लागतं. साबण अजिबात नको.

मग जुन्या खडीच्या डाव्या तिसऱ्या भागातली घाण नळीने शोषून घेतली आणि प्लास्टिकच्या पेल्याने खडी हलकेच उचलून बाहेर काढली. काठावर प्लास्टिकची एक पट्टी उभी रोवली, म्हणजे पांढरी खडी घसरून या बाजूला आली नाही. नवी खडी पेल्यात भरून पेला तळापर्यंत न्यायचा आणि तिथे अलगद उलटा करायचा. वरून ओतली तर पाणी गढूळ होतं आणि मासे बिथरतात. त्या दिवशी जेवढं पाणी गेलं तेवढंच त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं पाणी परत घातलं. या तीन आठवड्यांत फिल्टरचा स्पंज धुतला नाही, खाणं निम्म्यावर आणलं, आणि प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या व चौथ्या दिवशी अमोनिया तपासला. तो किंचितही दिसला असता तर पुढचा टप्पा थांबवून थोडं पाणी बदलायचं ठरवलं होतं. तशी वेळ आली नाही.

पहिल्या टप्प्यानंतर टाकीचा एक तृतीयांश तळ गडद आणि उरलेला पांढरा होता. त्या आठवड्यात निऑनचा कळप बहुतेक वेळ गडद बाजूच्या वरच उभा असायचा. खाण्यासाठी पांढऱ्या बाजूला यायचे आणि परत फिरायचे. कोणता तळ त्यांना सुरक्षित वाटतो, याचं याहून स्पष्ट उत्तर मला कधी मिळालेलं नाही.

तिसरी पायरी: वनस्पती

तळ आणि मागची भिंत गडद झाली की पोहण्याच्या वाटेमागे काय दिसतं, याकडे वळायचं. तांबड्या रंगाच्या समोरासमोरचा रंग हिरवा. म्हणून निऑनच्या मागच्या अर्ध्या अंगावरचा लाल, एंबर टेट्राचा केशरी, चेरी बार्बच्या नराचा लाल, हे सगळे गडद हिरव्या पानांसमोर उठून दिसतात. लाल पानांच्या वनस्पती सुंदर असतात, पण लाल माशांच्या टाकीत त्या माशांचीच जागा घेतात. नजर आधी त्या मोठ्या लाल झुपक्याकडे जाते आणि दोन सेंटीमीटरचा मासा मागे पडतो. हौस असेल तर एकच लाल रोप कोपऱ्यात ठेवा, पोहण्याच्या वाटेच्या मागे नाही.

नवख्यांसाठी जावा फर्न, अ‍ॅनुबियास आणि क्रिप्टोकोरीन ही तीन पुरेत. तिघांचा रंग गडद हिरवा ते तपकिरी, तिघांना मंद उजेड चालतो. जावा फर्न आणि अ‍ॅनुबियासचा आडवा, जाडसर खोडाचा भाग खडीत पुरायचा नाही, तो कुजतो. दोऱ्याने लाकडाला बांधायचा. क्रिप्टोकोरीन खडीत लावायची. नव्या जागी तिची पानं गळतात, त्याने घाबरून ती उपटू नका, मुळं राहिली की पुन्हा फुटते.

पानाचा पोतही पाहा. गॅलक्सी रासबोराच्या अंगावर मोत्यासारखे बारीक ठिपके असतात. त्याच्यामागे जावा मॉसचा दाट, बारीक गुंता आला की ते ठिपके त्यात हरवतात. तोच मासा अ‍ॅनुबियासच्या रुंद, सपाट पानासमोरून गेला की प्रत्येक ठिपका मोजता येतो. शेपटीवर नक्षी असलेल्या गप्पींचंही असंच. उलट एंबर टेट्रासारखा एकरंगी मासा मॉससमोर देखणा दिसतो. थोडक्यात, माशाच्या अंगावर नक्षी असेल तर मागे सपाट पान, आणि मासा एकरंगी असेल तर मागे नक्षीदार पान.

वर थोडी तरंगती वनस्पती, साल्व्हिनियासारखी, पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा झाकेल इतकी ठेवा. वरचा उजेड कमी झाला की मासे निर्धास्त होतात, उघड्यावर येतात आणि रंग दाखवतात. ती भराभर वाढते, म्हणून दर आठवड्याला काढून टाकावी लागते.

चौथी पायरी: लाकूड, दगड आणि बाकीची सजावट

इथे एकच कसोटी लावा: टाकीतली कोणतीही वस्तू माशापेक्षा भडक नको. निळा किल्ला निऑनच्या पट्ट्याच्या निळ्यापेक्षा भडक होता आणि शेकडो पट मोठा. तो असेपर्यंत पट्टा दिसणारच नव्हता. पांढऱ्या गारगोट्या, शिंपले, चमकणारं प्लास्टिक यांचंही तेच. शिंपल्यांनी तर पाणीही जड होतं.

ड्रिफ्टवूडचा एखादा फाटेदार तुकडा आणि दोन-तीन गडद, गुळगुळीत दगड पुरतात. लाकूड आधी उकळा किंवा आठवडा-दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. तरीही ते काही दिवस पाण्याला फिक्या चहासारखा रंग सोडतं. निऑनला हे पाणी मानवतं आणि हलकी छटा असेल तर लाल रंग त्यात उबदार दिसतो. छटा गडद झाली मात्र की पाणी निळा उजेड गिळतं आणि पट्टा मंद होतो. टाकीतलं पाणी पांढऱ्या पेल्यात घेऊन पाहा. पेल्याचा तळ नुसता पिवळसर दिसला तर ठीक, तपकिरी दिसला तर थोडं पाणी बदला.

भाच्याला किल्ला सोडवत नव्हता. आम्ही तो आतून बाहेर काढला नाही, उजव्या मागच्या कोपऱ्यात नेला आणि पुढे जावा फर्न बांधलेलं लाकूड ठेवलं. आता त्याचा बुरुज तेवढा दिसतो आणि मासे त्याच्या दारातून ये-जा करतात.

दिवा

दिवा टाकीच्या मधोमध किंवा मागे न ठेवता पुढच्या काचेच्या जवळ सरकवा. मग उजेड माशाच्या आपल्याकडच्या अंगावर पडतो आणि पट्टा आपल्याकडे चमकतो. मागे असलेल्या दिव्याने मासा सावलीसारखा दिसतो. ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा उजेड पुरेसा आहे. लाल-निळ्या छटेचे दिवे मासे जास्त रंगीत दाखवतात, पण तो रंग दिव्याचा असतो. अशा दिव्याखाली तुम्हाला माशाची खरी तब्येतही कळणार नाही.

किती फरक पडतो, आणि कुठे थांबतो

भाच्याच्या टाकीत तिसरा टप्पा पूर्ण झाल्यावर पट्ट्याचा निळा दोन-तीन दिवसांत स्पष्ट झाला. लाल रंग भरायला अजून तीन आठवडे गेले, आणि त्याचं श्रेय एकट्या तळाला देता येणार नाही. लाल आणि केशरी रंगाची बरीचशी द्रव्यं मासा स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. त्याच काळात आम्ही कोरड्या दाण्यांबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा आर्टेमिया किंवा डॅफ्निया हे पाण्यातले बारीक जीव द्यायला सुरुवात केली होती. निळा सुधारला आणि लाल तसाच राहिला, तर तळ पुन्हा बदलत बसू नका, खाणं बदला. लाल चांगला आहे आणि निळाच मंद आहे, तर दिव्याची जागा आणि पाण्याची छटा पाहा.

मादी चेरी बार्ब कितीही चांगल्या तळावर नराएवढी लाल होणार नाही. कळपात सहापेक्षा कमी निऑन असतील तर ते भेदरलेले आणि फिकेच राहतील. आणि काही माशांना ही सगळी मांडणी उलटी लागते. ब्लॅक टेट्रा, ब्लॅक मोली, ब्लॅक निऑन यांचा दागिना म्हणजे त्यांचा काळा रंग. काळ्या तळावर ते दिसतच नाहीत. त्यांना ओल्या वाळूसारखा बदामी तळ आणि मागे मधला हिरवा द्या. पांढरा मात्र त्यांनाही नको.

आधी-नंतरचे फोटो काढणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. चौकट गडद झाली की फोनचा कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो, आणि मासा आहे त्यापेक्षा चमकदार येतो. दोन्ही वेळा एकाच माशावर बोट दाबून ठेवून उजेड पक्का करा, दिवा तोच ठेवा, आणि दिवा लागून अर्धा तास झाल्यावरच फोटो घ्या.

गडद तळावर दोन-तीन महिन्यांत तपकिरी धुळीसारखा थर बसतो आणि तळ हळूहळू फिकट होत जातो. रोज पाहणाऱ्याला हे जाणवत नाही. दर पंधरवड्याला पाणी बदलताना नळी खडीच्या वर बोटभर अंतरावर फिरवून तो ओढून घ्या. भाच्याने टाकीबाहेर, पुढच्या काचेच्या एका कोपऱ्याशी, मूठभर नव्या ओल्या खडीची वाटी ठेवून दिली आहे. आतला तळ त्या वाटीतल्या ओल्या खडीपेक्षा फिका दिसू लागला की तो नळी काढतो.